मदत हवी आहे: चौघांत एक पीएस५, वाढलेलं वीजबिल आणि रूममेट्सना द्यायची चिठ्ठी

तिसरा_मजला

कोथरूडला टू बीएचकेमध्ये आम्ही चौघं राहतो. पीएस५ सोहमचा, फेब्रुवारीच्या शेवटी घरून घेऊन आला. टीव्ही ४३ इंची, घरमालकांचा. सोहम, आदित्य आणि मी खेळतो. निखिल सीएच्या अभ्यासात असतो, कंट्रोलरला हातही लावत नाही. आजवर बिलाचे सरळ चार भाग व्हायचे.

फेब्रुवारीचं बिल १६८ युनिट, साधारण १,७१० रुपये. मार्चचं २१२ युनिट, साधारण २,२८०. निखिलने ग्रुपवर बिलाचा फोटो टाकला आणि खाली एकच शब्द लिहिला, "हं." रात्री जेवताना म्हणाला, वरचे ५७० तुम्ही तिघांनी भरा. सोहम म्हणतो दोनशे वॅटचं मशीन आहे, ते असं किती खाणार, पंखे सुरू झालेत त्याचं काय? त्यात आदित्य आणि सोहमचं आधीच वाजलंय. मॅच चालू असताना आदित्यने "माझी वेळ झाली" म्हणून टीव्हीच बंद केला होता.

मी एक चिठ्ठी लिहिलीय, फ्रिजवर चिकटवायची. त्याआधी जरा बघा आणि सांगा:

"मंडळी, तोंडी बोललो की भांडण होतं म्हणून लिहितोय. १) रोज संध्याकाळी ७ ते १०, प्रत्येकाला एक तास. रविवारी ज्याला हवा त्याने घ्यावा. २) परीक्षेच्या आठवड्यात हॉलमध्ये आवाज बंद, हेडफोन लावायचे. ३) कन्सोलची वीज खेळणारे तिघं भरतील, महिन्याला प्रत्येकी १०० रुपये. बाकी बिल चौघांत. ४) मशीन सोहमचं आहे, त्याला न विचारता कुणाचा मित्र खेळणार नाही. पटत नसेल तर खाली पेनने लिहा, ग्रुपवर नको."

१०० हा आकडा मी हवेतून काढलाय. योग्य आकडा कसा काढायचा?

खडकवासला_एक्स्प्रेस

१०० रुपये फार कमी आहेत. तुमचं बिल १०० युनिटच्या वर गेलं की सगळेच्या सगळे युनिट वरच्या दराने लागतात. म्हणजे कन्सोलमुळे पूर्ण घराचा दर वाढला. निखिल बरोबर बोलतोय.

जुना_वायरमन

एक्स्प्रेसराव, निम्मं बरोबर. वरचा दर लागतो, पण फक्त वरच्या युनिटना. पहिले १०० पहिल्याच दराने राहतात, १०१ ते ३०० दुसऱ्या, त्यापुढचे तिसऱ्या. बिलाच्या मागे तक्ता असतो, तो बघा.

धागाकर्त्या पोरा, आधी मोज, मग आकडा लिही. पैसे खर्च न करता मोजता येतं. जिन्याखाली तुमच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. मीटरच्या तोंडावर ३२०० किंवा १६०० असा आकडा छापलेला असतो. तेवढ्या वेळा दिवा लुकलुकला की एक युनिट. घरातलं सगळं बंद कर, फ्रिजसुद्धा पाच मिनिटं. फक्त टीव्ही आणि कन्सोल चालू ठेव. एकाने वर मॅच खेळायची, एकाने खाली मोबाइलवर वेळ लावून दोन मिनिटं मोजायचं. मेनूवर नुसतं उभं राहून मोजू नकोस, खेळताना मशीन खूप जास्त ओढतं.

वायफायचा राउटर राहिला तरी हरकत नाही, पण इन्व्हर्टर असेल तर त्याचा स्विच बंद कर. बॅटरी चार्ज होत असली की तुझा आकडा गेला.

मीनल_ठाणे

आमच्या पीजीमध्ये मावशी सरसकट १२ रुपये युनिट घेतात, आतला वेगळा मीटर आहे. हे बरोबर आहे का? कुणाकडे तक्रार करायची?

जुना_वायरमन

मीनलताई, त्याचा वेगळा धागा काढा, इथे हरवून जाईल.

स्टिक_ड्रिफ्ट

विजेवर भांडताय, पण खरा खर्च कंट्रोलरचा. आमच्याकडे वर्षभरात एकाची डावी स्टिक गेली. हात न लावता खेळाडू आपोआप एका बाजूला चालायला लागतो. नवीन घ्यायचा तर पाच-सहा हजार. कुणी बिघडवला ते सिद्ध होत नाही, स्टिक आपल्या मरणानेच मरते. आम्ही शेवटी दोन्ही कंट्रोलर सोहमसारख्या मालकाचेच मानले आणि खेळणाऱ्यांनी महिन्याला ठरलेली रक्कम एका डब्यात टाकली. चिठ्ठीत हे नसेल तर जून-जुलैत परत इथे याल.

दुसरं, "एक तास" या नियमाने भांडण मिटणार नाही. ऑनलाइन मॅच पॉज होत नाही. ९ वाजता वेळ संपते आणि ८:५५ ला कुणी नवी मॅच लावली की झालं. आमचा नियम होता: वेळ संपायला २० मिनिटं उरली की नवी ऑनलाइन मॅच लावायची नाही. चालू असलेली मात्र पुरी होऊ द्यायची, त्यात टीव्हीला हात लावायचा नाही. उरलेल्या वेळात स्टोरीवाला गेम खेळा किंवा उठा.

तिसरा_मजला

काका, मोजलं! आमच्या मीटरवर ३२०० आहे. आदित्य वर फुटबॉलची मॅच खेळत होता, मी खाली डासांत उभा. दोन मिनिटांत ३०, म्हणजे मिनिटाला १५. तासाला ९००, म्हणजे ०.२८ युनिट. नुसतं यूट्यूब लावून मोजलं तर मिनिटाला ८.

आता तास कसे मोजायचे? वहीत लिहायचं ठरवलं, पहिल्याच दिवशी सोहम विसरला.

स्टिक_ड्रिफ्ट

वही कशाला? प्रत्येकाने आपल्याच प्रोफाइलवरून खेळायचं. प्रोफाइलमधल्या गेमच्या यादीत प्रत्येक गेमखाली किती तास खेळलात ते येतं. तो एकूण आकडा असतो, म्हणून १ तारखेला फोटो काढून ठेवा आणि पुढच्या १ तारखेच्या आकड्यातून वजा करा. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. गेम पॉज करून जेवायला गेलात तरी तास मोजले जातात. आणि दुसरा पाहुणा म्हणून कंट्रोलर घेऊन बसला तर त्याचे तास कुठेच दिसत नाहीत.

तिसरा_मजला

नऊ दिवसांचे आकडे काढले. सोहम १९ तास, आदित्य ११, मी ६. एकूण ३६, म्हणजे दिवसाला सरासरी ४ तास. महिन्याचे १२० तास गुणिले ०.२८, साधारण ३४ युनिट. बिल ४४ युनिटनी वाढलंय, म्हणजे बाकीचे १० पंख्यांचे वगैरे.

पण आता नवीनच वाद. आमच्या बिलावर वहन आकार धरून पहिले १०० युनिट साधारण ६ रुपयांनी पडतात, पुढचे ११ ने, आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क. निखिल म्हणतो कन्सोल शेवटी आला, म्हणून त्याचे युनिट वरच्याच दराने धरा. म्हणजे शुल्कासकट १२.७५ रुपये, ३४ युनिटचे साधारण ४३५. सोहम म्हणतो स्थिर आकार बाजूला काढून सगळ्या युनिटची सरासरी धरा. ती १० रुपये येते, म्हणजे ३४०. कोण बरोबर?

जुना_वायरमन

दोघंही. मीटरला कुठला युनिट कन्सोलचा आणि कुठला फ्रिजचा ते कळत नाही. निखिलने कन्सोल शेवटचा म्हटलं, उद्या तो लॅपटॉप रात्रभर लावून बसला तर लॅपटॉप शेवटचा का नाही? उलट, हेही खरं की कन्सोल नसता तर हे ३४ युनिट वरच्याच दराचे वाचले असते. मी असतो तर निखिलचा हिशेब धरला असता, कारण तो न खेळणारा आहे आणि त्याच्यामुळे खर्च वाढलेला नाही. फरक ९५ रुपयांचा आहे. तिघांत वाटला तर एका चहा-वडापावचा.

खडकवासला_एक्स्प्रेस

काका, पण एप्रिल-मेमध्ये कूलर लागला आणि ३०० पार झाले की? तेव्हा कन्सोलचे युनिट तिसऱ्या दराने धरणार का? मग खेळणारे म्हणतील कूलर शेवटचा आला.

जुना_वायरमन

हा प्रश्न चांगला काढलात. तेव्हा मी सरासरीच धरेन. निखिलला ते पटेल असं नाही.

मीनल_ठाणे

रात्री मशीन बंद न करता तसंच ठेवतात त्याची वीज कोण मोजतं? माझा भाऊ नुसता पिवळा दिवा ठेवून झोपतो.

स्टिक_ड्रिफ्ट

पिवळा म्हणजे रेस्ट मोड, त्यात दोन-चार वॅट जातात. महिन्याला एक-दोन युनिट, सोडून द्या. फारच खुपत असेल तर सेटिंगमध्ये `Features Available in Rest Mode` मध्ये जाऊन `Supply Power to USB Ports` ला तीन तासांची मर्यादा लावा. पूर्ण बंद करू नका, नाहीतर सकाळी कंट्रोलर चार्ज नसतो आणि त्यावरून वेगळं भांडण. मोठे डाउनलोड मात्र रात्रीच लावायचे. संध्याकाळी लावले तर निखिलचं ऑनलाइन लेक्चर अडकतं.

तिसरा_मजला

चिठ्ठी परत लिहिली, आज फ्रिजवर लावली:

"मंडळी, आधीची चिठ्ठी रद्द. १) ७ ते १० तीन वेळा, कुणाची कुठली ते रविवारी ठरवू. शेवटच्या २० मिनिटांत नवी ऑनलाइन मॅच नाही. चालू मॅचमध्ये टीव्ही कुणीही बंद करणार नाही (आदित्य, तुझं नाव घेत नाहीये). २) प्रत्येकाने स्वतःच्या प्रोफाइलवरून खेळायचं, १ तारखेला तासांचा फोटो ग्रुपवर. ३) गेमचे तास गुणिले ०.२८ युनिट, मार्चच्या बिलाच्या वरच्या दराने, ज्याच्या त्याच्या तासांप्रमाणे. या हिशेबाने महिन्याला सोहम २३०, आदित्य १३३, मी ७२. ही रक्कम बिलातून वजा करून उरलेलं चौघांत समान. ४) खेळणाऱ्यांनी महिन्याला ५० रुपये कंट्रोलरच्या डब्यात. मशीन सोहमचं, म्हणून तो डब्यात टाकणार नाही. ५) मोठे डाउनलोड रात्री १२ नंतर. ६) दोघांनी मिळून खेळलं तर तास कुणाचे, हे ठरलेलं नाही. सुचवा."

सोहमने खाली पेनने लिहिलं, "यूट्यूब याच कन्सोलवरून लागतं आणि ते सगळ्यात जास्त निखिल बघतो. मिनिटाला ८." निखिलने त्याखाली लिहिलं, "मान्य. मग गीझरही मोजा."

सकाळी सोहम अंघोळीला गेल्यावर आदित्य आणि मी खाली जाऊन उभे राहिलो. दिवा इतक्या भरभर लुकलुकत होता की पहिल्यांदा मोजणी चुकली. दुसऱ्यांदा मिनिटाला १०६ आले. सोहम वीस मिनिटांनी बाहेर आला. हा आकडा अजून वर कुणाला सांगितलेला नाही.