नॉर्वेत चर्च एकच, मग धर्मावरून पक्ष कसा निघतो?

काठावरचा (धागाकर्ता)
लिप्सेट आणि रोक्कान यांनी १९६७ मध्ये मांडलं की युरोपातले पक्ष वर्ग, धर्म, प्रदेश अशा जुन्या भेदरेषांवर उभे आहेत. रोक्कान स्वतः नॉर्वेचा. त्याच्या काळात तिथले शेकडा नव्वदहून जास्त लोक एकाच ल्युथरन चर्चचे सभासद होते. तरीही १९३३ पासून तिथे ख्रिश्चन लोक पक्ष आहे. हा सिद्धांत घरच्या मैदानावरच पडत नाही का? मला वाटतं, पक्ष पुढारी काढतात आणि भेदरेषा अभ्यासक नंतर चिकटवतात.

दर्यापार
शिरगणतीतला धर्माचा रकाना बघून ही भेदरेषा सापडायची नाही. भांडण कोण कुठल्या चर्चमध्ये जातो याचं नव्हतंच. चर्चवर हुकूम कोणाचा, हे भांडण होतं. एका बाजूला सरकारने नेमलेला, विद्यापीठात शिकलेला पाद्री. दुसऱ्या बाजूला दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यावरचे गावकरी. ते स्वतः बांधलेल्या प्रार्थनाघरांत जमायचे आणि प्रवचन द्यायला त्यांच्यातलाच कोणी शेतकरी किंवा कारागीर उभा राहायचा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हान्स नील्सन हाउगे या शेतकऱ्याच्या मुलाला परवानगीशिवाय प्रवचनं दिली म्हणून तुरुंगात टाकलं होतं.

आता त्याच पट्ट्यात आणखी दोन गोष्टी बघा. दारूबंदी मंडळं तिथेच सगळ्यात दाट होती. आणि डॅनिश वळणाच्या शहरी भाषेऐवजी गावच्या बोलींवर बेतलेली लेखनभाषा शाळेत हवी, ही मागणीही तिथलीच. तिन्ही चळवळींचे कार्यकर्ते बरेचदा एकच. तिघांचा रोख राजधानीतल्या अधिकारी वर्गावर. १८८४ मध्ये व्हेन्स्त्रे म्हणजे उदारमतवादी पक्ष स्थापन झाला तो या सगळ्यांना शहरातल्या सुधारकांबरोबर एका छपराखाली घेऊन. ते छप्पर पुढे फाटलं. १९२० मध्ये शेतकऱ्यांनी वेगळा पक्ष काढला, १९३३ मध्ये प्रार्थनाघरवाल्यांनी.

बापू_आकडेवाले
एवढा इतिहास कशाला? आधी एका मतदारसंघातून एकच खासदार निवडला जायचा. १९२१ च्या निवडणुकीपासून प्रमाणशीर पद्धत आली, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा. जागा मिळू लागल्या, पक्ष वाढले. विषय संपला.

दर्यापार
बापू, १९१८ चा निकाल काढा, जुन्या पद्धतीचा. मजूर पक्षाला ३१.६ टक्के मतं पडली आणि १२६ पैकी १८ जागा मिळाल्या. उदारमतवाद्यांना २८.३ टक्क्यांत ५१. म्हणजे पद्धत बदलायच्या आधीच मतदार फुटलेला होता, फक्त सभागृहात ते दिसत नव्हतं. पद्धतीने पक्ष जन्माला घातले की असलेले उघडे पाडले, हे ओळखायचं तर आधी मतांचे टक्के बघावे लागतात, जागा नंतर. शेतकरी पक्षाबाबत मात्र तुमचं बरंच खरं आहे. १९२१ मध्ये त्याला १५० पैकी १७ जागा मिळाल्या. जुन्या पद्धतीत त्याला बहुधा कुणाशी तरी हातमिळवणी करावी लागली असती.

सुलभा_क
धर्म ठीक. पण मजूर पक्ष हा सरळ कारखान्यांचा पक्ष ना? मग त्यात प्रदेश कुठून आणता?

दर्यापार
मजूर पक्षाचे पहिले खासदार १९०३ मध्ये निवडून आले ते अगदी उत्तरेतून, आणि त्यांच्यात चक्क एक पाद्री होता. तिथे कारखाने नावालाच. पण मच्छीमार गावच्या व्यापाऱ्याच्या उधारीत बुडालेला असायचा. मासळी विकत घेणारा तोच, जाळी आणि पीठ उधार देणारा तोच, भाव ठरवणाराही तोच. पूर्वेकडे मोठी शेतं, जंगलं आणि त्यांच्यावर राबणारी कुळं नि मजूर, म्हणून तिथेही लाल मतदान. पश्चिमेला शेतं लहान आणि जवळपास सारख्या आकाराची. मालक कोण आणि गडी कोण हा प्रश्नच तिथे बोथट होता, म्हणून त्या पट्ट्यात भाषा, दारू आणि धर्म वर आले. देशभराची सरासरी काढून ‘वर्गाचा प्रभाव इतका’ असं सांगितलं की नेमका हा फरक पुसला जातो.

मांडवीकाठ
आमच्या गोव्यात हेच झालं की! १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ मतं आणि बाजूने १,३८,१७०. विलीनीकरण हवं म्हणणारा महाराष्ट्रवादी गोमंतक म्हणजे मगो पक्ष एकीकडे, नको म्हणणारा युनायटेड गोवन्स पक्ष दुसरीकडे. सरळ हिंदू विरुद्ध ख्रिश्चन. धर्माची भेदरेषा ती हीच.

दर्यापार
सरळ नाही. ख्रिश्चन मतदार बहुतेक एका बाजूला होता हे खरं, पण फक्त त्यांच्या मतांवर विलीनीकरण हरलं नसतं, हिंदूही विरोधात गेले. आणि मगोचा कणा होता बहुजन समाज, त्यात कुळं आणि मुंडकार, म्हणजे जमीनदाराच्या जागेत घर करून राहणारे. समोरच्या भाटकारांत, म्हणजे जमीनदारांत, हिंदूही होते, ख्रिश्चनही. शिवाय कौल हरल्यावर काही आठवड्यांतच विधानसभा निवडणूक झाली आणि मगो पुन्हा सत्तेत आला. विलीनीकरण नको म्हणणाऱ्यांपैकी काहींनी मगोला मत दिल्याशिवाय हे गणित बसत नाही. कौलात एक रेषा बोलली, निवडणुकीत दुसरी.

सुलभा_क
मग तुमचे हे दोन अभ्यासक म्हणतात की १९२० च्या दशकातल्या रेषा साठच्या दशकापर्यंत गोठून राहिल्या, ते कितपत धरायचं? १९७२ मध्ये युरोपीय समुदायात जायचं का यावर नॉर्वेत सार्वमत झालं, ५३.५ टक्के ‘नाही’. त्याच वर्षी उदारमतवादी पक्ष दुभंगला. पुढच्या वर्षी मजूर पक्ष ४६.५ वरून ३५.३ टक्क्यांवर. याला गोठणं म्हणायचं?

दर्यापार
पक्ष हलले, नकाशा तोच राहिला. ‘नाही’ सगळ्यात जोरात कुठे होतं? उत्तरेच्या किनाऱ्यावर आणि शेतीच्या भागांत. राजधानी आणि तिच्या आसपास ‘हो’. १९९४ मध्ये पुन्हा ५२.२ टक्के ‘नाही’, साधारण त्याच भूगोलावर. २०२० मध्ये ट्रोम्स आणि फिन्मार्क हे जिल्हे सरकारने एकत्र केले, त्याचा राग २०२१ मध्ये जुन्या शेतकरी पक्षाच्या, म्हणजे आताच्या सेंटर पक्षाच्या, पारड्यात पडला. १३.५ टक्के. २०२४ मध्ये ते जिल्हे पुन्हा वेगळे झाले.

सुलभा_क
आणि त्याच २०२१ मध्ये ख्रिश्चन पक्ष ३.८ टक्क्यांवर आला, तीन खासदार. नकाशा तोच म्हणून चालत नाही. रेषेवर माणसंच उरली नाहीत तर ती इतिहासाची रेषा झाली, राजकारणाची नाही.

दर्यापार
तिघेही दक्षिण-पश्चिम किनाऱ्यावरचेच. पण संख्येबद्दल तुमचं बरोबर आहे. प्रार्थनाघरं ओस पडली की पक्ष नुसत्या आठवणीवर किती चालेल, याचं उत्तर सिद्धांतात नाही.

काठावरचा
माझा मुद्दा अजून उभाच आहे. १९३३ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या होर्डालान जिल्ह्यात नील्स लाव्हिक यांना उदारमतवाद्यांनी तिकीट नाकारलं, म्हणून ख्रिश्चन पक्ष निघाला आणि ते निवडून आले. तिकीट दिलं असतं तर पक्षच नसता. यात भेदरेषा कुठे आहे?

दर्यापार
तिकीट नाकारलेले पुढारी प्रत्येक निवडणुकीत असतात. बहुतेक जण अपक्ष उभे राहतात, अनामत घालवतात आणि विसरले जातात. लाव्हिक यांच्यामागे मिशन मंडळं, प्रार्थनाघरं आणि दारूबंदी मंडळं आधीच उभी होती. सभेची जागा होती, वर्गणी होती, घरोघर जाणारी माणसं होती.

काठावरचा
ती माणसं १९२१ मध्येही होती, प्रमाणशीर पद्धतही होती. मग बारा वर्षं पक्ष का नाही निघाला? आणि होर्डालान सोडून देशभर पसरायला १९४५ का उजाडलं?