पत्ता टाइप करून एंटर मारला की काय होतं? "सिक्युरिटीच्या अँगलने सांगा" : तुमचे अनुभव लिहा

खिडकीतली_मैना

सिक्युरिटीच्या जागेसाठी इंटरव्ह्यू दिलेल्या किंवा घेतलेल्या लोकांनी लिहावं म्हणून हा धागा. "ब्राउझरमध्ये पत्ता टाइप केला की काय काय होतं" हा प्रश्न डेव्हलपरांना विचारतात तसाच आपल्यालाही विचारतात, पण उत्तर वेगळं अपेक्षित असतं. डीएनएस, टीसीपी, टीएलएस, रिक्वेस्ट, रिस्पॉन्स ही गाडी सगळ्यांनाच पाठ असते.

माझा पुण्यातला इंटरव्ह्यू. मी डीएनएसपर्यंत पोचले तेवढ्यात समोरच्या बाईंनी हात वर केला आणि म्हणाल्या, आता असं समज की तुझ्या शेजारी कॅफेत मी बसलेय, वायफाय माझ्या ताब्यात आहे, तू नुसतं `example.com` टाकलंयस, पुढे `https` वगैरे काही नाही. मी कुठे हात घालीन ते सांग. मग पुढचा अर्धा तास फक्त त्या पहिल्या रिक्वेस्टवर गेला! सर्व्हरवर नंतर काय होतं ते त्यांनी विचारलंच नाही.

तर एंटर मारल्यापासून पान दिसेपर्यंतच्या मधल्या भागावरच लिहा प्लीज, एसक्यूएल इंजेक्शन वगैरेला वेगळा धागा काढू.

केबलवाला_नाशिक

मी आधी लोकल आयएसपीत होतो, मग एनओसी, आता सिक्युरिटीत. मला हा प्रश्न आला तेव्हा मी डीएनएसवरच बसलो कारण तेच आयुष्यभर बघितलंय. डीएनएसची विचारणा आजही बऱ्याच घरांतून यूडीपी ५३ वरून उघडी जाते, मधला कोणीही वाचू शकतो, आणि खोटं उत्तर खऱ्याच्या आधी पोचवलं तर मशीन तेच धरून चालतं. पण त्याहून सोपं म्हणजे गिऱ्हाईकाच्या राउटरमध्ये घुसायचं. admin / admin तसंच ठेवलेलं असतं, आत जाऊन डीएनएसचा पत्ता बदलला की घरातले सगळे फोन चोराला विचारून चालतात. आमच्याकडे तक्रार यायची "बाकी सगळं चालतं, ठरावीक साइटवरच विचित्र जाहिराती येतात". आम्ही पहिलं राउटरचं डीएनएसचं पान उघडायला सांगायचो आणि तिथे आमचा नसलेला, कुठला तरी परदेशी आयपी बसलेला असायचा.

इंटरव्ह्यूमध्ये हे सांगितल्यावर पुढचा प्रश्न आला की ठीक आहे, डीएनएस खोटं बोललं, मग काय? तुला खोट्या सर्व्हरवर नेलं, पण सर्टिफिकेट कुठून आणणार? तिथे खरी मजा सुरू होते, पण ते जुना_खोंड साहेब चांगलं सांगतील.

मी_तुषार

एवढं घाबरायचं कारण नाही हो. आता सगळीकडे https आहे, कुलूप दिसलं की वायफायवाल्याला काही म्हणजे काही दिसत नाही. आणि आमच्या कंपनीत तर एचएसटीएसपण लावलाय, पोर्ट ८० वरचा ३०१ रिडायरेक्ट जातो त्यातच हेडर टाकलाय त्यामुळे पहिल्या हिटपासून सेफ. मी इंटरव्ह्यूत हेच सांगितलं आणि सिलेक्ट झालो 😎

जुना_खोंड

तुषार, सिलेक्ट झालास ते छान, पण दोन गोष्टी बघ. कुलूप असलं तरी तू कुठल्या साइटवर चाललायस ते नाव टीएलएसच्या पहिल्या निरोपात, एसएनआयमध्ये, अजून बहुतेक ठिकाणी उघडंच जातं. पान कुठलं, पासवर्ड काय ते दिसत नाही, पण नाव दिसतं. आणि साध्या एचटीटीपीवर पाठवलेला एचएसटीएस हेडर ब्राउझरने दुर्लक्षित करायचा असं आरएफसी ६७९७ मध्येच लिहिलंय, २०१२ पासून. कारण उघडंय, त्या रिस्पॉन्समध्ये मधला माणूस वाटेल ते घालू शकतो, मग त्यातल्या सूचनेवर विश्वास कसा ठेवणार. `example.com` च्या जागी तुमच्या कंपनीच्या साइटचं नाव घालून हे दोन्ही आउटपुट शेजारी ठेवून बघ:

```
curl -sI http://example.com
curl -sI https://example.com
```

दुसऱ्यात ही ओळ दिसली पाहिजे, पहिल्यात असली नसली तरी उपयोग शून्य:

```
Strict-Transport-Security: max-age=31536000
```

आता मैनाताईंच्या कॅफेकडे येतो, कारण इंटरव्ह्यू घेताना मीही तिथेच थांबतो. २००९ मध्ये मॉक्सी मार्लिनस्पाइकने एसएसएलस्ट्रिप दाखवलं. त्यात क्रिप्टो तोडायची भानगडच नाही. तुम्ही नुसतं नाव टाकलं, ब्राउझर आधी `http://` ने गेला, सर्व्हर म्हणाला `https` वर या. तो निरोप मधल्याने तुमच्यापर्यंत पोचूच दिला नाही. तो स्वतः सर्व्हरशी https ने बोलतो आणि तुमच्याशी साध्या http ने. एररही नाही, वॉर्निंगही नाही, फक्त कुलूप नसतं. ते नसलेलं कुलूप कोण बघतो?

यावर एचएसटीएस आलं: एकदा https ने भेट झाली की ब्राउझर लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी स्वतःच http चं https करून टाकतो, तारेवर उघडी http रिक्वेस्ट जातच नाही. राहते ती पहिलीच भेट. तिच्यासाठी प्रीलोड यादी, म्हणजे साइटचं नाव ब्राउझरमध्येच भरून येतं. इथवर सांगणारे बरेच भेटतात. मग मी विचारतो, "क्रोम ९० पासून नुसतं नाव टाकलं तरी आधी https वरच जातं, मग भोक बुजलं का?" बहुतेक जण हो म्हणतात. पण https लागलं नाही तर ब्राउझर परत http वर येतो. म्हणजे कॅफेवाल्याने पोर्ट ४४३ अडवून ठेवला की आपण २००९ मध्येच. ज्याने हे स्वतःहून सांगितलं त्याला मी पुढचं फारसं विचारत नाही.

खिडकीतली_मैना

अगदी हेच, ४४३ अडवायचं! मला त्या बाईंनी हळूहळू तिथवर नेलं होतं. खोंड साहेब, ती सर्टिफिकेटवाली बाजूपण लिहा ना, केबलवाल्यांनी अर्धवट सोडलीये.

जुना_खोंड

लिहितो. मी उमेदवाराला एक खरी केस देतो. २४ एप्रिल २०१८, मायइथरवॉलेट नावाची क्रिप्टोवाल्यांची साइट. तिचं डीएनएस अ‍ॅमेझॉनच्या रूट ५३ वर. कोणीतरी बीजीपीमधून रूट ५३ च्या काही आयपींचा रस्ता आपल्याकडे वळवला. अ‍ॅमेझॉन /२३ चा तुकडा जाहीर करत होतं, यांनी त्यातलेच /२४ जाहीर केले, आणि राउटर जास्त नेमका तुकडा बघून तिकडे जातो. साधारण दोन तास हे चाललं. त्या काळात जे रिझॉल्व्हर अ‍ॅमेझॉनला विचारायला गेले त्यांना चोराच्या डीएनएसने उत्तर दिलं, आणि गूगलचं ८.८.८.८ पण त्यात सापडलं. म्हणजे बघा, वापरणाऱ्याचा लॅपटॉप स्वच्छ, राउटर स्वच्छ, पत्ता अक्षरन्‌अक्षर बरोबर टाइप केलेला, तरी माणूस खोट्या सर्व्हरवर.

पण चोराकडे खरं सर्टिफिकेट नव्हतं, स्वतःच सही केलेलं होतं. ब्राउझरने लाल पान दाखवलं. तरी लोकांनी "पुढे जा" दाबलं, लॉगिन केलं आणि दीड लाख डॉलरच्या आसपास इथर गेलं.

आता उमेदवाराला प्रश्न: कुठली गोष्ट असती तर हे थांबलं असतं? एक उत्तर एचएसटीएस, कारण एचएसटीएस लक्षात असलेल्या साइटवर सर्टिफिकेट बिघडलं की "पुढे जा" हा पर्यायच येत नाही. हा फायदा लोक विसरतात, त्यांना फक्त रिडायरेक्ट आठवतो. पण मग मी उलटा फिरतो: चोर जरा हुशार असता, त्याने त्या दोन तासांत डीएनएस ताब्यात असताना खरं सर्टिफिकेटच काढलं असतं तर? सर्टिफिकेट देणारा तरी मालकी कशी तपासतो, त्याच डीएनएसला विचारून! म्हणून लेट्स एन्क्रिप्टने २०२० पासून एकाच वेळी इंटरनेटच्या वेगवेगळ्या ठिकाणांहून तपासायला सुरुवात केली, सगळीकडचा रस्ता एकदम वळवणं अवघड असतं. आणि काढलंच तरी ते पारदर्शकतेच्या लॉगमध्ये दिसतं, कोणी बघत असेल तर.

सौ_अलका_ठाणे

मी आयटीतली नाही, मुलगा इंटरव्ह्यूची तयारी करतोय म्हणून वाचतेय. पण एक विचारू का, पत्ता टाइप करतं कोण? आमच्या ह्यांनी बँकेचं नाव गूगलमध्ये टाकलं, वरती जी पहिली आली ती दाबली, ती जाहिरात होती. कुलूप होतं, लोगो होता, सगळं होतं. ओटीपी मागितल्यावर ह्यांना शंका आली म्हणून वाचलो. तुमच्या ह्या सगळ्या बीजीपीत ते कुठे बसतं?

केबलवाला_नाशिक

अलकाताई, तुम्ही इंटरव्ह्यूला बसायला हवं होतं 🙏 चोराने स्वतःच्या डोमेनचं खरं सर्टिफिकेट घेतलंय, त्यामुळे वरचं काहीच आडवं येत नाही. रिझर्व्ह बँकेने बँकांना `.bank.in` वर यायला लावलं, ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली, ते याचसाठी. ते डोमेन बँकांशिवाय दुसऱ्या कोणाला मिळत नाही. आता साहेबांना पत्त्याचं शेपूट बघायची सवय लावा.

मी_तुषार

पण हा इंटरव्ह्यूच्या प्रश्नाचा भाग नाही ना? प्रश्नातच "टाइप केला" आहे.

जुना_खोंड

माझ्या मते भाग आहे. पत्त्याच्या पट्टीत तुम्ही अक्षरं टाकत असता तेव्हाच ती, सूचना चालू असतील तर, सर्च इंजिनला जात असतात, एंटर मारायच्या आधी. तिथपासून सुरुवात करणारा उमेदवार मला आवडतो. पण आमच्याच टीममधल्या एकीला हे विषयांतर वाटतं, ती मार्क कापते. तेव्हा समोर कोण बसलंय त्यावर आहे.

कोल्हापुरी_कोडर

जरा उशिरा आलो. मी डेव्हलपर, एचएसटीएसचा आमचा अनुभव लिहितो भावांनो. आधीच्या कंपनीत एका उत्साही माणसानं मेन डोमेनवर हेडर टाकला, `includeSubDomains` सकट, वरनं प्रीलोडला पण नाव दिलं. आता आमचं आतलं हजेरीचं सॉफ्टवेअर त्याच डोमेनच्या सबडोमेनवर, साध्या http वर, जुनं मशीन, सर्टिफिकेट नाही. ज्यांनी मेन साइट उघडली त्यांचं हजेरीचं पान बंद, ज्यांनी नाही उघडली त्यांचं चालू! निम्मं ऑफिस म्हणतंय चालतंय, निम्मं म्हणतंय नाही. शेवटी `chrome://net-internals/#hsts` वर डोमेन टाकून बघितलं तेव्हा उलगडलं. `max-age` शून्य करून हेडर पाठवला की ब्राउझर विसरतो, ते जमलं. पण प्रीलोडमधनं नाव काढायचं तर नवीन व्हर्जन लोकांच्या मशीनवर पोचेपर्यंत महिने जातात. शेवटी त्या जुन्या मशीनपुढं प्रॉक्सी बसवून सर्टिफिकेट दिलं.

इंटरव्ह्यूत हे सांगितलं तर समोरचा म्हणाला मग प्रीलोड करूच नये का? मी म्हणलं आतल्या सबडोमेनची यादी हातात आल्याशिवाय नको. त्याला पटलं नाही बहुतेक, म्हणाला बँक असेल तर? मी म्हणलं बँक असेल तर आधी यादी करा आणि लगेच करा.

नवखा_हिंजवडी

माझा सोमवारी आहे. डीएनएससेक सांगू का? का त्यावर अजून खोल विचारतील?

जुना_खोंड

सांग, पण एवढंच की उत्तरावर सही असते, विचारणा लपत नाही. आणि वरच्या २०१८ च्या केसमध्ये ते कोणाला वाचवू शकलं असतं याचा विचार करून जा, कारण मी असतो तर तेच विचारलं असतं. डोमेनवर सही असून भागत नाही, रिझॉल्व्हरने ती तपासायलाही हवी.

नवखा_हिंजवडी

म्हणजे ८.८.८.८ तपासतं, पण डोमेनवर सहीच नसेल तर तपासणार काय, असं?

केबलवाला_नाशिक

हां, असंच. सोमवारचं काय झालं ते इथेच येऊन लिही.