मदत हवी आहे: ΔG° ऋण आहे, तरी एस्टरची अभिक्रिया दोन-तृतीयांशावर का अडते?

केतकी_चोपडा
नमस्कार मंडळी. बी.एस्सी. तिसऱ्या वर्षाला आहे, रसायनशास्त्र. आमच्याकडे प्रॅक्टिकलला आयसोअमाइल ॲसिटेट करायला लावतात. लॅबमध्ये पिकल्या केळीचा असा वास सुटतो की रावेर-यावलची पोरं म्हणतात, घरीच बसलोय.

ॲसिटिक आम्ल आणि अल्कोहोल समान मोल घेतले, सल्फ्युरिक आम्लाचे थोडे थेंब टाकले आणि रिफ्लक्सवर ठेवलं. मग थोडा नमुना काढून टायट्रेशन केलं. सल्फ्युरिकचा हिस्सा वजा केल्यावर ॲसिटिक आम्लाचा साधारण तिसरा भाग तसाच शिल्लक निघाला. पुन्हा बराच वेळ उकळलं, तरी तेवढाच.

जर्नलमध्ये हे ΔG° वरून समजावून लिहायचं आहे. आयसोअमाइलचे आकडे पुस्तकातल्या तक्त्यात मिळाले नाहीत, म्हणून इथेनॉल आणि इथाइल ॲसिटेटचे घेतले. प्रति मोल किलोज्यूलमध्ये: ॲसिटिक आम्ल −३८९.९, इथेनॉल −१७४.८, इथाइल ॲसिटेट −३३२.७, पाणी −२३७.१. उत्पादितांची बेरीज −५६९.८, अभिकारकांची −५६४.७. म्हणजे ΔG° = −५.१.

आता हा आकडा ऋण आहे, मग अभिक्रिया शेवटपर्यंत का जात नाही? शिवाय ΔG° = −RT ln K मध्ये घातला तर K येतो ७.८, आणि पुस्तकात या अभिक्रियेचा K ४ दिलाय. आणि समतोलाला ΔG शून्य होतो म्हणतात, मग ते −५.१ गेलं कुठे?

एरंडोल_एक्सप्रेस
ΔG° ऋण म्हणजे अभिक्रिया स्वयंस्फूर्त, ती पूर्ण होणारच. तुमचं यील्ड धुण्यात गेलं असेल. बायकार्बोनेटने धुताना आणि सेपरेटिंग फनेलमधून थर काढताना एस्टर बराच जातो. आमच्या बॅचला निम्मंसुद्धा हाती लागलं नव्हतं.

केतकी_चोपडा
दादा, धुण्यात जातो हे खरं, पण मी टायट्रेशन धुण्याच्या आधी केलंय. मी यील्डचं नाही, शिल्लक आम्लाचं विचारतेय.

निवृत्त_मास्तर_अमळनेर
केतकी, तुझं टायट्रेशन बरोबर आहे, बेटा. १८६२ च्या सुमारास फ्रान्समध्ये बर्थेलो आणि पेआँ द सँ-जिल यांनी ॲसिटिक आम्ल आणि इथेनॉलचं हेच केलं होतं. समान मोल घेतले की सुमारे दोन-तृतीयांश एस्टर होतो आणि गाडी थांबते. उलट बाजूने, एस्टर आणि पाणी घेऊन सुरुवात केली, तरी तिथेच येऊन थांबते. हात राखून काम झालं असतं तर दोन्हीकडून एकच जागा सापडली नसती.

आधी तुझा तिसरा प्रश्न घेतो, कारण बाकीचे त्यातच सुटतात. ΔG° हा चारही पदार्थ आपापल्या प्रमाण स्थितीत असतानाचा आकडा आहे. तुझ्या फ्लास्कमध्ये ती स्थिती क्वचितच असते. फ्लास्कला लागू पडतो तो ΔG = ΔG° + RT ln Q, आणि Q क्षणाक्षणाला बदलतो. K = ४ धर, म्हणजे २५ अंशांना ΔG° = −३.४. एकेक मोल घेतलं आणि अर्धी अभिक्रिया झाली, तर चौघेही अर्धा-अर्धा मोल, Q = १, त्याचा लॉग शून्य, म्हणून ΔG = −३.४. अजून पुढे ढकलणारा जोर आहे. दोन-तृतीयांशावर Q = (२/३)² भागिले (१/३)² = ४. RT ln ४ म्हणजे +३.४, बेरीज शून्य. आता कुणी जबरदस्तीने ८० टक्क्यांवर नेऊन ठेवलं, तर Q = ०.८² भागिले ०.२² = १६ आणि ΔG = +३.४. म्हणजे आता मागे फिरण्याचा जोर, अर्ध्यावर पुढे होता तेवढाच. ΔG° कुठेही गेला नाही, शेवटपर्यंत −३.४ च राहिला. शून्य झाला तो ΔG.

एरंडोलकर, स्वयंस्फूर्त हे तुमचं म्हणणं प्रमाण स्थितीपासून पुढे जाण्यापुरतं खरं. ΔG° चं चिन्ह एवढंच सांगतं की K एकापेक्षा मोठा की लहान. किती दूर जाईल हे आकड्याच्या आकारावर ठरतं. २५ अंशांना दर ५.७ किलोज्यूलला K दहापट होतो. तीन-चार किलोज्यूल म्हणजे एक पायरीसुद्धा धड नाही.

धुळेकर_भाऊ
राम राम मास्तर. माले बी एक इचारनं शे. केळीचाच विषय निघाला म्हणून विचारतो. आमच्याकडे काही जण अजून कार्बाइडच्या पुड्या ठेवून केळी पिकवतात. तो कार्बाइड पूर्ण संपतो की या एस्टरसारखा अर्धवट राहतो? राहत असेल तर फळाला लागून पोटात जाणार ना?

निवृत्त_मास्तर_अमळनेर
भाऊ, इथे चर्चा केळीच्या वासाच्या एस्टरची आहे, पिकवण्याची नाही. पण प्रश्न कामाचा आहे, आणि केतकीला दुसरं टोक दिसेल. कॅल्शियम कार्बाइड आणि पाण्यापासून ॲसिटिलिन आणि विरलेला चुना, या अभिक्रियेचा ΔG° सुमारे −१५० किलोज्यूल. ५.७ ने भाग, सव्वीस पायऱ्या, म्हणजे K सुमारे १०²⁶. घन आणि पाणी यांचं वेगळं मोजमाप K मध्ये येत नाही, राहतो फक्त ॲसिटिलिनचा दाब. तेवढा दाब पृथ्वीवर कुठे मिळणार नाही, म्हणून पाणी पुरलं तर कार्बाइड समतोलाच्या कारणाने मागे राहत नाही. पाणी पुरलं नाही, तर कोरडा राहू शकतो, पण तो वेगळा मुद्दा. शिवाय त्यात आर्सेनिक-फॉस्फरसची अशुद्धी असते, आणि फळं पिकवायला कार्बाइड वापरण्यावर कायद्याने बंदी आहे. इथिलिनच्या चेंबरची चौकशी करा.

केतकी_चोपडा
मास्तर, तिसरा प्रश्न सुटला. पण ७.८ आणि ४ चं काय? तक्ता चुकीचा म्हणायचा का?

निवृत्त_मास्तर_अमळनेर
K = ७.८ साठी ΔG° लागतो −५.१, आणि K = ४ साठी −३.४. फरक १.७ किलोज्यूलचा. आणि तू वजा काय केलंस? पाचशे सत्तरच्या घरातले दोन आकडे. त्यात अर्ध्या टक्क्याची गडबड झाली, तरी तुझं उत्तर पार वाहून जाईल. केळीचा ट्रक ड्रायव्हरसकट आणि ड्रायव्हरशिवाय काट्यावर चढवून ड्रायव्हरचं वजन काढण्यासारखं आहे हे. काटा बिघडलेला नसतो, पण ड्रायव्हर कधी चाळीस किलोचा निघतो, कधी दीडशेचा. म्हणून अशा अभिक्रियांत टायट्रेशनवरून K काढायचा आणि K वरून ΔG°, उलट नाही.

पण घाबरू नकोस. K = ७.८ धरला तरी समान मोलांत एस्टर होतो ७४ टक्के, ४ ला होतो ६७. K दुप्पट झाला, पण अभिक्रिया किती दूर जाते त्यात सातच टक्क्यांचा फरक.

तापीकाठ
मी एका रासायनिक कारखान्यात काम करतो, अल्कोहोल आणि एस्टरच आमचं दाणापाणी. मास्तरांशी मी पूर्ण सहमत नाही. १.७ चा फरक नुसत्या तक्त्याच्या चुकीचा नाही. तक्त्यातून येणारा K सक्रियतेचा असतो आणि टायट्रेशनमधून आपण मोलांचा काढतो. पाणी आणि इथाइल ॲसिटेट एकमेकांत नीट मिसळत नाहीत, म्हणून त्यांची सक्रियता मोलांच्या प्रमाणापेक्षा जास्त भरते. ते दोघे K च्या अपूर्णांकात वरच्या बाजूला असल्यामुळे खरा K मोलांवरून काढलेल्यापेक्षा मोठा यायला हवा. ७.८ त्याच दिशेला आहे.

निवृत्त_मास्तर_अमळनेर
दिशा जुळते हे मान्य. पण दिशा जुळली म्हणून कारण तेच, असं म्हणायला गुणांक मोजलेले हवेत, आणि तिच्या फ्लास्कमध्ये सल्फ्युरिकही आहे. माझ्या मते तक्त्याची अनिश्चितता एकटीच पुरेशी आहे.

तापीकाठ
आपण भेटू तेव्हा वाद पुढे नेऊ. ताई, कामाचं सांगतो. K ४ च राहू द्या, फक्त अल्कोहोल तिप्पट घ्या. मग x² / ((१−x)(३−x)) = ४, सोडवलं की x = ०.९०. आम्लाचे ९० टक्के रूपांतर झाले, आणि ΔG° जागचा हलला नाही. किंवा डीन-स्टार्क लावून पाणी काढत राहा, Q कधी ४ ला पोहोचतच नाही. आयसोअमाइलला ते सोपं जातं, कारण तो पाण्यात फारसा मिसळत नाही, पाणी खाली वेगळं बसतं. उत्प्रेरक दुप्पट केलात तर फक्त लवकर पोहोचाल, पोहोचाल तिथेच.

आणि एक चूक बऱ्याच जणांकडून होते: K लिहिताना पाणी गाळून टाकतात. इथे पाणी द्रावक नाही, उत्पादित आहे. त्याला ठेवायचंच.

केतकी_चोपडा
पाणी मी ठेवलंय. पण एक शंका: मी रिफ्लक्स केलं १२० अंशांच्या आसपास, आणि K वापरतेय २५ चा. चालेल?

निवृत्त_मास्तर_अमळनेर
तक्त्यातून ΔH काढ. इथाइल ॲसिटेटच्या अभिक्रियेला तो −२.६ किलोज्यूलच्या आसपास येतो, म्हणजे जवळपास शून्य. त्यामुळे १२० अंशांना K ४ वरून ३ च्या थोडा वर येईल, आणि ६७ च्या जागी ६४ टक्के. टायट्रेशनच्या चुकीत हे लपून जाईल. उष्णता इथे वेगासाठी दिलेली आहे. मात्र आयसोअमाइलचा ΔH तुझ्याकडे नाही, तेव्हा जर्नलमध्ये 'इथाइलवरून अंदाज' असं लिही.

एरंडोल_एक्सप्रेस
मास्तर, मग सल्फ्युरिक जास्त टाकलं की एस्टर वाढतो असं आमचे सर सांगायचे, ते उत्प्रेरक म्हणून नव्हतं का?

तापीकाठ
थेंबांनी टाकलं तर उत्प्रेरकच. पण भरपूर टाकलं तर ते पाणी धरून ठेवतं, आणि मग टायट्रेशनमधून निघणारा K मोठा दिसायला लागतो. किती थेंबांपर्यंत उत्प्रेरक आणि कुठून पाणीशोषक, याची सीमा मला ठामपणे सांगता येणार नाही. ताई, तुमच्याकडे बाटली आहे, निम्मं सल्फ्युरिक घेऊन एकदा टायट्रेशन करा आणि इथे आकडा टाका.