तेजूचं तिकीट, जरा कुणीतरी बघा

तेजूची आई (टिळकवाडी): आमची तेजू उद्या रात्रीच्या सुपरफास्टनं बेंगळूरला निघालीय. रेल्वेनं पहिल्यांदाच, तेही एकटी. एजंटनं काल दिलेल्या तिकिटाचा फोटो टाकलाय. वर SL लिहिलंय, खाली 9. म्हणजे साइड लोअरची ९ नंबर सीट ना?

सुनीता वहिनी (शहापूर): मला पण तसंच वाटतंय.

दिनूकाका (खानापूर): नाही गं. वरचा SL हा Class समोरचा आहे, म्हणजे स्लीपर क्लास. साइड लोअरलाही SL च म्हणतात, पण तो डबा आणि नंबरानंतर येतो. आता खालच्या दोन ओळी वाच. Booking Status GNWL/14, Current Status RAC/9. तिकीट काढलं तेव्हा वेटिंगमध्ये चौदावी होती, काल प्रिंट काढली तेव्हा आरएसीत नववी. ९ हा रांगेतला नंबर आहे, सीटचा नव्हे.

तेजूची आई: म्हणजे जाता येणार नाही?

दिनूकाका: येणार की! आरएसीवाल्याला गाडीत चढता येतं. बसायला जागा पक्की, झोपायला पूर्ण बर्थ मिळेलच असं नाही. एकाच साइड लोअरवर दोघं बसतात. जर Current मध्ये अजून WL च असतं आणि चार्ट, म्हणजे प्रवाशांची शेवटची यादी, झाल्यावरही तसंच राहिलं असतं, तर ऑनलाइन काढलेलं तिकीट आपोआप रद्द होऊन पैसे परत आले असते. मग गाडीत चढायचंच नव्हतं.

आणि फोटो कालचा आहे, त्यावर विसंबू नको. तिकिटावरचा दहा आकडी पीएनआर नंबर १३९ या नंबरवर मेसेज कर:

```
PNR <दहा आकडे>
```

फोटोतला पीएनआर झाकून टाक हं, ग्रुपवर बरेच लोक आहेत.

(दुसऱ्या दिवशी)

तेजूची आई: काका, चार्ट झाला. आता RAC आणि S5, 39 असं दिसतंय.

दिनूकाका: मग डबा S5, जागा ३९. स्लीपरमध्ये आठ-आठचा खण असतो. चार खण म्हणजे ३२, उरले सात. सातवा नेहमी साइड लोअर, आठवा साइड अप्पर. पहिला आणि चौथा लोअर, दुसरा आणि पाचवा मिडल, तिसरा आणि सहावा अप्पर.

सुनीता वहिनी: रात्रभर बसूनच जायचं का पोरीनं?

दिनूकाका: तिकीट असलेलं कुणी आलं नाही, तर टीटीई तो रिकामा बर्थ आरएसीवाल्यांना क्रमानं देतो. तेजूला सांग, गाडी सुटल्यावर टीटीई आला की ‘आरएसी आहे, बर्थ मिळेल का?’ असं स्वतःहून विचार. मिळाला तर नवा डबा आणि नंबर त्याच्याकडून नीट विचारून घे, मगच ३९ सोड. आणि ओळखपत्र अस्सलच हवं, झेरॉक्स चालत नाही.

तेजूची आई: आधार पर्समध्ये ठेवायला लावते आत्ताच.