मदत हवी आहे: वाऱ्यातली साडी लिहिताना खोटी वाटतेय

सांजवात: कथा लिहितेय. मालवणच्या जेट्टीवर दुपारी चारच्या सुमारास एक बाई समुद्राकडे तोंड करून उभी आहे, सहावारी सुती साडी, पदर डाव्या खांद्यावरून मागे मोकळा सोडलेला, वारा समुद्राकडून. मी लिहिलं, "तिची साडी वाऱ्यावर फडफडत होती आणि पदर समोर उडत होता." मैत्रीण म्हणाली साडी दोरीवर वाळत घातल्यासारखी वाटते, आत बाईच नाहीये. काय चुकतंय?

गोट्या७७: पिन लाव की, खांद्याला एक आणि कमरेला एक, काही उडत नाही. माझी बायको स्कूटरवर तेच करते.

कापडचोपड: 😄 तिला उडवायचाच आहे हो. पण पिनेचा मुद्दा कामाचा आहे, कारण कापड कुठे अडकलंय हे आधी ठरवायला हवं. नाटकांचे कपडे सांभाळते, तिथे रोज हेच बघते. इथे साडी कमरेला खोचलीय आणि खांद्यावर टेकलीय, चुण्या तिथूनच निघणार. वारा समोरून म्हणजे पदर समोर जाईलच कसा, तो मागेच ओढला जाणार आणि त्याचा ताण छातीवर तिरका दिसणार, उजव्या कमरेपासून डाव्या खांद्यापर्यंत. खाली निऱ्या मांड्यांना चिकटतात, थोड्या दोन पायांमध्ये दबतात, गुडघे कळतात. फडफड फक्त मागे, पोटऱ्यांपाशी आणि पदराच्या टोकाला. सगळी साडी एकदम फडफडली की आतली बाई गायब.

रेशीमगाठ: सुती कशाला, सिल्क दे. सिल्क हलकं असतं, मस्त उडतं.

कापडचोपड: साधं मऊ सिल्क उडेल, पण पैठणी म्हणशील तर जरीचा पदर जड, तो जेमतेम उचलला जाऊन परत खाली पडतो. कडक स्टार्चची सुती साडी कोनात मोडते, शिफॉन मात्र टोकापर्यंत थरथरत राहतं. त्यामुळे कापड ठरवूनच क्रियापद निवड.

सांजवात: मग असं? "वाऱ्याने निऱ्या गुडघ्यांवर दाबून धरल्या होत्या. पदर खांद्यावरून मागे ओढला जात होता, तिने तो दंडाशी धरून ठेवला." आणि ती घरी जायला वळली की?

कापडचोपड: छान, हाताने धरल्यावर अजून एक टेकू आला. वळली की उलटं, साडी मागून पोटऱ्यांना चिकटेल, निऱ्या पुढे फुगतील, पदर खांद्यावरून पुढे येऊन तोंडावरही येऊ शकतो. आणि केस विसरू नकोस, ते पदराच्याच दिशेला जायला हवेत, खूप जण तिथे फसतात.

काष्टेवाली: माझ्या कथेतली आजी नऊवारी नेसते, काष्टा घातलेला, पदर कमरेला खोचलेला. तिथे उडायला काही उरतच नाही, मग वारा दाखवू कसा?

रेशीमगाठ: डोक्यावरून पदर घेतलाय का तिने? मग कपाळावरची कड हलेल.

काष्टेवाली: नाही ना, मासे निवडतेय ती.