कोटेशननंतरचा फोन

> कोटेशन दिल्यावर गिऱ्हाईक ‘बघू’ म्हणतं. पुढचा फोन कधी करायचा?

आमचं दिंडोरी-निफाडकडे ठिबकचं काम. कोटेशन गेलं की दुसऱ्या दिवशी फोन, तोही फक्त ‘पोचलं का, ओळींतलं अंतर बरोबर धरलंय ना’ एवढ्यासाठी. पाचव्या दिवशी व्हॉट्सॲपवर जवळच्याच बागेतल्या कामाचा फोटो, बाराव्या दिवशी पुन्हा फोन. त्यानंतर मात्र तारीख गिऱ्हाइकाची.

निफाडचे एक द्राक्षवाले काका जानेवारीत म्हणाले, ‘माल निघू द्या.’ मी आपला दर सोमवारी फोन करत राहिलो. त्यांनी उचलणंच सोडलं. आता शीटमध्ये अशा लीडचा टप्पा ‘थांबलेले’ आणि पुढची तारीख मार्चअखेर, खरड छाटणीच्या तोंडावर. ‘पुढचा फोन’ हा रकाना टप्पा ‘बंद’ असेल तरच रिकामा ठेवतो.