मदत हवी आहे: रीच एका पोस्टला, सेव्ह दुसऱ्या, ऑर्डरी तिसऱ्याच, पुढचं कॅप्शन कशावर लिहू?

कुंडीवाली

घोडबंदर रोडवरच्या एका नर्सरीचं इन्स्टा मी सांभाळते. फोटो मालकांचा मुलगा काढतो, कॅप्शन मी लिहिते. घरपोच रोपं शनिवारी जातात, ठाणे, मुलुंड आणि ऐरोलीपर्यंत. ऑर्डरची लिंक बायोमध्ये आहे. ती छोटी केलेली लिंक असल्यामुळे रोज किती क्लिक झाले ते दिसतं. आठवड्याला तीनच पोस्ट होतात, त्यामुळे एकही वाया घालवायची नाही.

गेल्या पाच आठवड्यांतल्या तीन पोस्टवरून मालकांशी माझं जमत नाहीये.

पहिली, येऊरच्या बाजूने पाऊस येतोय आणि नर्सरीतली रोपं भिजतायत, अशी रील. कॅप्शन दोन ओळींचं. रीच ९४००, सेव्ह ३१, त्या दिवशी लिंकवर ४ क्लिक. या पोस्टला पाच आठवडे झाले.

दुसरी, कुंडीतल्या कढीपत्त्याची पानं पिवळी का पडतात यावर सहा फोटोंची पोस्ट, खाली लांब कॅप्शन. रीच १८५०, सेव्ह १४८, क्लिक ९. ही तीन आठवड्यांपूर्वीची.

तिसरी, अनंताच्या रोपाचा एक साधा फोटो. कॅप्शनमध्ये रोपाची उंची, किंमत आणि शनिवारी कुठे कुठे गाडी जाणार ते. रीच ६२०, सेव्ह ६, क्लिक २२, त्यातून ७ ऑर्डरी. ही टाकून चार दिवस झाले.

मालक म्हणतात, पावसाच्याच रील करा, नऊ हजार लोकांनी पाहिलं. मला कढीपत्त्यासारखं लिहायला आवडतं आणि १४८ जणांनी ते जपून ठेवलं याचं खूप समाधान आहे. पण पैसे आले ते अनंताच्या फोटोवर. पुढच्या दोन आठवड्यांची सहा कॅप्शन मला रविवारपर्यंत लिहायची आहेत. कोणता आकडा धरून चालू?

रीलप्रेमी_कळवा

ताई, सेव्ह धरा आणि बाकी सोडून द्या. लोक सेव्ह करतात म्हणजे इन्स्टाला कळतं की पोस्ट कामाची आहे, मग तेच पुढे ढकलतं. १४८ सेव्ह म्हणजे सोनं आहे. सहाच्या सहा कॅप्शन रोपांची निगा कशी राखायची यावर लिहा. ऑर्डरी आपोआप येतील.

आकडेमोड

मी वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात हेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रीलप्रेमींचं अर्धं बरोबर आहे. सेव्हवरून कॅप्शन उपयोगी पडलं हे कळतं, आणि कॅप्शनबद्दल एवढं थेट सांगणारा दुसरा आकडा माझ्या माहितीत नाही. पण पोस्ट पुढे ढकलण्याबद्दल म्हणाल, तर इन्स्टाग्रामचे प्रमुख अॅडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये तीन गोष्टी सर्वांत महत्त्वाच्या म्हणून सांगितल्या होत्या: किती वेळ पाहिलं, किती लाइक आणि किती जणांनी दुसऱ्याला पाठवलं. सेव्ह त्या तिघांत नव्हता. त्यामुळे सेव्ह वाढले की रीच वाढेलच, असं धरून सहा कॅप्शन लिहू नका.

कुंडीवाली, तुम्ही कच्चे आकडे समोरासमोर ठेवलेत, तिथेच गोंधळ होतोय. प्रत्येक आकडा दर हजार रीचमागे काढा. सेव्ह बघा: पावसाला हजारात ३, कढीपत्त्याला ८०, अनंताला १०. क्लिक बघा: पावसाला हजारात अर्धासुद्धा नाही, कढीपत्त्याला ५, अनंताला ३५. पावसाची रील लांबवर गेली ती चित्रामुळे. त्यातले बरेच लोक ठाण्याचे नसतीलही. त्या रीचचं श्रेय दोन ओळींच्या कॅप्शनला देऊ नका, आणि अनंताच्या कमी रीचचा दोषही कॅप्शनला देऊ नका.

आता मला खटकलेली गोष्ट. ६२० जणांनी पाहिलं आणि २२ जण बायोपर्यंत जाऊन लिंक दाबून आले? कॅप्शनमधली लिंक इन्स्टावर दाबली जात नाही. माणसाला नाव दाबून प्रोफाइलवर जावं लागतं, मग लिंक शोधावी लागते. एवढा खटाटोप ६२० मधले २२ जण करत नाहीत. त्या दिवशी स्टोरी टाकली होती का? तिच्यावर लिंकचा स्टिकर होता का?

कुंडीवाली

होती. संध्याकाळी टाकली होती: "अनंताची ११ रोपं उरलीत, शनिवारची गाडी ऐरोलीपर्यंत." स्टिकरला तीच लिंक दिली होती. आत्ता स्टोरीचे आकडे उघडून पाहिले. स्टिकरवर १४ टॅप आहेत.

म्हणजे फोटोचे फक्त ८ राहिले. मी पाच आठवडे दिवसाचे सगळे क्लिक त्या दिवशीच्या पोस्टच्या नावावर लिहीत होते.

आकडेमोड

होय. आणि ८ हा आकडासुद्धा त्या पोस्टचाच आहे असं छातीठोक सांगता येणार नाही, कारण जुनी पोस्ट पाहून कुणी त्या दिवशी आलं असेल तर तेही त्यातच मिसळलंय. ६२० मागे ८ म्हणजे हजारात १३. अजूनही कढीपत्त्यापेक्षा जास्त, पण ८ आणि ९ इतक्या लहान आकड्यांवर फार मोठा निर्णय बांधू नका. चार माणसं इकडची तिकडे झाली की चित्र बदलतं.

आजपासून जागेप्रमाणे लिंक वेगळी करा. तुमची ऑर्डर व्हॉट्सअॅपवर येते की फॉर्मवर?

कुंडीवाली

व्हॉट्सअॅपवर.

आकडेमोड

मग तर सोपं आहे. व्हॉट्सअॅपच्या लिंकमध्ये आधीच लिहिलेला मेसेज देता येतो. बायोला एक द्या, स्टोरीला दुसरी.

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=anant-bio
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=anant-story
```

समोरच्याने लिंक दाबली की चॅटमध्ये तो शब्द टाइप झालेला असतो, त्याने फक्त पाठवायचं. तुम्हाला ऑर्डर कुठून आली ते मेसेजमध्येच दिसतं. काही जण तो शब्द पुसून "रोप आहे का" असं लिहितील, ते वेगळे मोजा. इन्स्टाच्या बायोत पाच लिंक देता येतात, त्यामुळे ज्या रोपावर पोस्ट आहे त्याची लिंक आठवडाभर सगळ्यांत वर ठेवता येईल. क्लिकचा आकडा हवा असेल तर या दोन्ही तुमच्या नेहमीच्या पद्धतीने छोट्या करून घ्या, म्हणजे क्लिक आणि आलेले मेसेज दोन्ही मोजता येतील.

आणखी एक. पाच आठवड्यांची पोस्ट आणि चार दिवसांची पोस्ट शेजारी ठेवू नका. निगा सांगणाऱ्या पोस्टला सेव्ह सावकाश येत राहतात. प्रत्येक पोस्टचे आकडे सातव्या दिवशी वहीत उतरवा, आणि तेच एकमेकांशी ताडून पाहा.

गच्ची_ऐरोली

माझ्याही कढीपत्त्याची पानं पिवळी पडलीयेत हो. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्यात. दोन वेळा आंबट ताक घातलं, फरक नाही. काय करू? रोप दुसरं घ्यावं लागेल का?

कुंडीवाली

रोप नका बदलू. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या म्हणजे बहुतेक लोह कमी पडतंय. जुनी पानं आधी पिवळी झाली असती तर नत्राचा संशय घेतला असता. आधी कुंडी उचलून खालचं भोक बघा. पावसात ते मातीने बुजतं, पाणी साचतं आणि मुळांना लोह घेता येत नाही. भोक मोकळं करा, वरची दोन इंच माती काढून तिथे गांडूळखत मिसळलेली नवी माती घाला. महिनाभरात फरक दिसला नाही तर फोटो टाका.

गच्ची_ऐरोली

खूप आभार ताई. तुमची ती पोस्ट मी सेव्ह केली होती, पण तेव्हा वाटलं, रोप तर आपल्याकडे आहेच, लिंक कशाला दाबू. अशी माती तुमच्याकडे तयार मिळते का? शनिवारी गाडी येते त्यात पाठवाल?

आकडेमोड

कुंडीवाली, हे वाक्य वहीत लिहून ठेवा. तुमच्या कढीपत्त्याच्या कॅप्शनच्या शेवटी काय होतं?

कुंडीवाली

"कढीपत्त्याची निरोगी रोपं आमच्याकडे उपलब्ध. लिंक बायोमध्ये."

वाचतानाच लक्षात आलं. पान पिवळं पडलंय म्हणून वाचणाऱ्या माणसाकडे रोप आधीच आहे. त्याला मी पुन्हा रोपच विकायला गेले. मिश्रणाची पाच किलोची पिशवी आमच्याकडे असते, पण तिच्यावर आजवर एक ओळसुद्धा लिहिली नव्हती.

आकडेमोड

म्हणजे क्लिक फक्त ९ आले ते लेखामुळे नाही, शेवटच्या ओळीमुळे असण्याची शक्यता आहे. तपासून बघता येईल. पुढच्या दोन आठवड्यांत निगा सांगणाऱ्या दोन पोस्ट करा, दोन्ही सहा फोटोंच्या, दोन्ही साधारण तेवढ्याच लांबीच्या. एकीच्या शेवटी रोप, दुसरीच्या शेवटी मातीची पिशवी. चित्राचा प्रकार सारखा ठेवला तरच फरक कॅप्शनचा आहे असं थोडंफार म्हणता येईल.

पहिली ओळही बदला. फीडमध्ये कॅप्शनचा सुरुवातीचा तुकडाच दिसतो, साधारण सव्वाशे अक्षरं, बाकी "आणखी" दाबल्यावर. तुमची पोस्ट मी पाहिलेली नाही, पण सुरुवात "पावसाळा आला की" अशी असेल तर लक्षण त्या "आणखी"च्या मागे दडून राहतं.

कुंडीवाली

अगदी तशीच आहे. "पावसाळा सुरू झाला की आमच्या नर्सरीत फोनची रीघ लागते." आता असं करते: "कढीपत्त्याची नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या? आधी कुंडीचं भोक बघा."

क्लासवाले_खारघर

आमचे दहावीचे क्लास आहेत. गणिताच्या सूत्रांच्या पोस्टला हजारात शंभरच्या वर सेव्ह येतात आणि प्रवेश एकही नाही. सेव्ह करणारी मुलं, फी भरणारे पालक. शेवटची ओळ बदलून इथे काय होणार? पालक त्या पोस्टपर्यंत पोचतच नाहीत.

आकडेमोड

तुमचं दुखणं वेगळं आहे. कुंडीवालींच्या बाबतीत सेव्ह करणारा आणि पैसे देणारा एकच माणूस आहे, फक्त त्याला चुकीची वस्तू दाखवली. तुमच्याकडे माणूसच दुसरा आहे. पालकांसाठी वेगळी पोस्ट लागेल, आणि ती कशी पोचवायची याचं खात्रीचं उत्तर माझ्याकडे नाही.

रीलप्रेमी_कळवा

पण निगेच्या प्रत्येक पोस्टखाली पिशवीची जाहिरात आली तर लोक सेव्ह करायचे थांबतील ना? लोकांना कळतं की विकायला आलेत.

आकडेमोड

थांबू शकतात. म्हणूनच दोनपैकी एकाच पोस्टखाली पिशवी ठेवायला सांगितलं. सेव्ह हजारात ८० वरून ७० वर आले आणि पिशव्या गेल्या तर मी चालवून घेईन. ३० वर आले तर ओळ काढून टाकेन. मधल्या आकड्यांबद्दल मालकांना ठरवू दे.

कुंडीवाली

सहा कॅप्शनची वाटणी अशी केली आहे: निगेच्या दोन, उरलेली रोपं आणि शनिवारची गाडी सांगणाऱ्या तीन, आणि मालकांसाठी पावसाची एक रील. अनंताच्या स्टोरीतली "११ उरलीत" ही ओळ आता फोटोच्या कॅप्शनमध्येही पहिली घेणार आहे. मोगऱ्याची आज खरोखर १८ रोपं आहेत, सकाळी मोजली, तोच आकडा लिहीन.

लिंका वेगळ्या केल्या. गच्ची_ऐरोली, तुमची पिशवी शनिवारच्या गाडीत ठेवली आहे. व्हॉट्सअॅपवर पत्ता पाठवा, आणि तिथे आपोआप आलेला शब्द पुसू नका.